बिघाड एक, आकडे तीन: गेम बंद पडताना दिसणारे कोड कसे वाचायचे

"दादा, मी परभणीचा. माझा गेम पंधरा-वीस मिनिटांत बंद पडायलाय. कधी 0xc0000005 दाखवतोय, कधी 0xc000001d, अन् काल 0xc0000374 आलं. दुसरा गेम टाकून पाहिला, तरी तेच. विंडोज दोनदा नवीन टाकलं. दुकानदार म्हणतोय ग्राफिक्स कार्ड गेलंय, बदला. हे आकडे नेमकं काय सांगतात? कार्डाला पैसे घालू का?"

कार्ड आत्ता घेऊ नको. माझा पहिला संशय रॅमवर आहे. त्याखालोखाल प्रोसेसर आणि त्याला वीज पुरवणारा भाग, आणि कार्ड त्याच्याही मागे. लातूरला मशीन दुरुस्त करताना असे तीन-तीन वेगळे आकडे घेऊन आलेली बरीच मशीन पाहिली आहेत. आकडा एकटा फारसं बोलत नाही, पण चार-पाच आकडे शेजारी ठेवले की बरंच कळतं.

आधी तुझे तिन्ही आकडे काय म्हणतात ते बघू.

विंडोज प्रत्येक प्रोग्रामला मेमरी ४ केबीच्या पानांत वाटून देतं. कोणतं पान कुणाचं, त्यात नुसतं वाचायचं की लिहायचंही, याची नोंद असते. सातबाऱ्यासारखंच समज. ज्या गटावर आपलं नाव नाही तिथं नांगर घातला की तलाठी अडवतो, तसं नावावर नसलेल्या पत्त्यावर प्रोग्राम गेला की प्रोसेसर त्याला अडवतो आणि विंडोज 0xc0000005 देऊन तो बंद करतं. यालाच ॲक्सेस व्हायोलेशन म्हणतात. 0xc000001d म्हणजे प्रोसेसरपुढे अशी सूचना आली जी त्याला ओळखताच येत नाही. 0xc0000374 म्हणजे प्रोग्राम चालता चालता जी मेमरी मागतो आणि परत करतो, त्या देवघेवीच्या हिशोबाची वही जुळत नाही.

हे तीन वेगळे रोग वाटतात, पण रॅममधला एकच बिट उलटा पडला तरी तिन्ही उद्भवू शकतात. कसे, ते मागच्या मे महिन्यातल्या एका मशीनवरून सांगतो.

औशाचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा मशीन घेऊन आला होता. १६ जीबी रॅम, ८ जीबीच्या दोन स्टिक, एक मूळची आणि दुसरी नंतर टाकलेली. तक्रार तुझ्यासारखीच. एका दुकानात त्याला कार्ड बदलून दिलं होतं. अठरा हजार गेले होते आणि गेम तसाच बंद पडत होता. मी काहीही उघडायच्या आधी विंडोजच्या नोंदी काढल्या. तूही आज एवढंच कर. पॉवरशेल उघडून हे टाक:

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='Application'; ProviderName='Application Error'; Id=1000} -MaxEvents 10 | Format-List TimeCreated, Message
```

शेवटच्या दहा वेळा जे काही बंद पडलं त्याची यादी येईल. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी बघायच्या: कोणता प्रोग्राम पडला, `Faulting module name` म्हणजे तो कोणत्या फाइलमध्ये पडला, `Exception code` आणि `Fault offset`. खिडकीत दिसणारा लांबलचक पत्ता टिपत बसू नको. सुरक्षेसाठी विंडोज प्रोग्रामला मेमरीत दर वेळी त्याच जागी बसवत नाही, म्हणून तो पत्ता बदलत राहतो. `Fault offset` मात्र त्या फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर असतं, त्यामुळे कालची नोंद आजच्या नोंदीशी ताडून बघता येते. गेमचं अपडेट येऊन गेलं असेल तर जुने ऑफसेट निरुपयोगी. ताडायच्या त्या एकाच आवृत्तीच्या नोंदी.

औशाच्या मशीनवर आठवड्यात आठ नोंदी होत्या. पाच 0xc0000005, दोन 0xc0000374, एक 0xc000001d. त्यातल्या पाच दोन वेगवेगळ्या गेमच्या, दोन ब्राउझरच्या आणि एक चक्क `explorer.exe` ची. इथंच मी कार्ड आणि गेम दोन्ही मनातून मागे सारले. दोन गेम लिहिणाऱ्यांनी, ब्राउझरवाल्यांनी आणि विंडोजवाल्यांनी एकाच आठवड्यात एकाच मशीनसाठी चुका केल्या, असं होत नाही. तुझ्या यादीत गेमशिवाय दुसरं काही पडलेलं दिसतंय का, ते पहिल्यांदा बघ.

मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ सुरू केलं. अकराव्या मिनिटाला पहिली चूक दिसली. पुढं ज्या-ज्या चुका आल्या त्यांत एकच बिट चुकत होता:

```
Expected: 00000000
Actual:   00000400
```

शून्य लिहिलं, वाचताना `400` आलं. एका जागेचा एक बिट ० असायला हवा तिथं १ होत होता. आता हाच बिट गेम चालू असताना काय करतो ते बघ.

समजा त्या जागी गेमनं एक पत्ता ठेवला होता, `000001A4C0D21F40`. पत्ता ६४ बिटांचा असतो, त्याचा वरचा अर्धा भाग `000001A4`. नेमका तो खराब जागी पडला तर वाचताना `000005A4` होतो. म्हणजे गेम आपल्या जागेपासून ४ टेराबाइट दूरच्या पत्त्यावर जातो. तिथं त्याच्या नावावर काहीच नाही, म्हणून 0xc0000005. दुसऱ्या वेळी त्याच जागी देवघेवीच्या वहीची एक ओळ आली तर हिशोब चुकतो, म्हणून 0xc0000374. तिसऱ्या वेळी तिथं गेमचा कोडच आला, तर सूचनेचा एक बाइट बदलतो. बहुतेक वेळा बदललेला बाइट दुसरी कुठली तरी वैध सूचना बनतो आणि पुढं जाऊन पुन्हा 0xc0000005 मिळतो. कधीमधी मात्र काहीच अर्थ नसलेली सूचना तयार होते, तेव्हा 0xc000001d. त्या यादीत पाच, दोन आणि एक असं प्रमाण दिसलं ते बघून मला नवल वाटलं नाही.

आणि चौथ्या वेळी त्या जागी भिंतीचं चित्र आलं तर? एका ठिपक्याचा रंग बदलतो आणि कुणाला कळतही नाही. गेम कधी पाच मिनिटं चालतो, कधी दोन तास, तो यामुळंच. सुरुवातीला रॅम रिकामी असते, गेम वाढत जातो तसा कधी तरी तो त्या खराब जागेपर्यंत पोचतो, आणि तिथं काय पडेल याचा नेम नसतो. विंडोज दोनदा टाकूनही तुझं काही बदललं नाही, कारण विंडोज बदललं आणि रॅम तीच राहिली.

त्या आठ नोंदींत एक फसवी गोष्ट होती. दोन नोंदींचा ऑफसेट तंतोतंत एक होता. तसं दिसलं की गेमचाच दोष असं वाटतं. पण वेळ बघितली तर दोन्ही नोंदी एकाच संध्याकाळच्या होत्या आणि मधे मशीन रीस्टार्ट झालेलं नव्हतं. गेम बंद केला तरी विंडोज त्याच्या फाइलची पानं रॅममध्ये जपून ठेवतं, पुन्हा लागली तर डिस्कवरून आणायला नकोत म्हणून. बिघडलेलं पान तसंच राहतं आणि गेम पुन्हा त्याच जागी अडखळतो. रीस्टार्ट केल्यावर तो ऑफसेट पुन्हा दिसला नाही. म्हणून तुला नोंदी ताडायच्या असतील तर मधे किमान एक रीस्टार्ट झालेल्या ताड.

आता उलट बाजू, म्हणजे दोष गेमचा असतो तेव्हा कसं दिसतं. एकच गेम, एकच कोड, तोच ऑफसेट, रीस्टार्टनंतरही तोच, आणि बहुधा गेममधलं ठिकाणही तेच. त्यात खिडकीत `referenced memory at 0x0000000000000018` असा शून्याजवळचा पत्ता दिसला तर शंका जवळजवळ उरत नाही. गेमला एक वस्तू हवी होती, ती तयारच झालेली नव्हती, म्हणून तिचा पत्ता शून्य होता, आणि गेम त्या शून्यापासून २४ बाइट पुढचं काही वाचायला गेला. विंडोज पहिले ६४ केबी मुद्दाम रिकामे ठेवतं, ते हीच चूक पकडण्यासाठी. अशा वेळी मशीन उघडायची गरज नाही. गेमचं अपडेट, मॉड काढून टाकणं, सेव्ह फाइल बदलून पाहणं, एवढंच हातात असतं. `0xFFFFFFFFFFFFFFFF` दिसलं तर पत्ता पूर्ण वेडावाकडा होता एवढंच कळतं. ते गेमच्या चुकीनंही होतं आणि रॅमनंही, त्यावरून निकाल देऊ नको.

'तोच ऑफसेट म्हणजे गेमचा दोष' हा नियम दोन कोडना लागू पडत नाही, आणि इथं जाणते लोकही चुकतात. 0xc0000374 नेहमी `ntdll.dll` मध्ये दिसतो आणि विंडोजची आवृत्ती तीच असेपर्यंत त्याचा ऑफसेट साधारण एकच राहतो. कारण तो ऑफसेट वही बिघडल्याची जागा नसते. हिशोब तपासणारं काम `ntdll.dll` मध्ये आहे, चूक लक्षात येते ती तिथं. बिघाड कधीचाच होऊन गेलेला असतो. दुसरा कोड 0xe06d7363. तो दर वेळी `KERNELBASE.dll` मध्ये दिसतो, कारण सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्राम स्वतःच हाक मारतो की मला पुढं जाता येत नाही, आणि ती हाक तिथून जाते. त्यातले `6d 73 63` म्हणजे `msc` ही अक्षरं आहेत. हे दोन कोड दिसले की `ntdll.dll` नवीन डाउनलोड करा असा सल्ला देणारे भेटतील. ते करू नको. ती फाइल निरोप्या आहे.

मॉड्यूलच्या नावाबद्दलही तेच. `nvwgf2umx.dll` असं नाव दिसलं की लोक म्हणतात, हे एनव्हीडियाचं आहे, म्हणजे कार्ड गेलं. ती ड्रायव्हरची फाइल आहे आणि ती कार्डावर चालत नाही, प्रोसेसरवर आणि याच रॅममधून चालते. गेमनं तिच्या हातात बिघडलेला पत्ता दिला तर पडणार तीच. औशाच्या मुलाचं कार्ड बदललं गेलं ते अशाच एका नोंदीवरून.

कार्ड खरंच दुखत असेल तर खुणा वेगळ्या असतात. पडद्यावर चौकोन किंवा रेषा उमटतात, स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते, सिस्टमच्या नोंदींत `Display` या नावानं ४१०१ क्रमांकाची नोंद मिळते, आणि गेम `0x887A0006` किंवा `0x887A0005` दाखवतो. पहिल्याचा अर्थ कार्डानं उत्तर देणं थांबवलं, दुसऱ्याचा अर्थ कार्ड हाताशी राहिलंच नाही. हेही ड्रायव्हर किंवा कमजोर एसएमपीएसमुळे होऊ शकतं, पण निदान बोट कार्डाच्या दिशेनं असतं. 0xc000001d ला तर कार्डाशी जोडणं अवघडच. ती सूचना प्रोसेसरनं रॅममधून उचललेली असते.

0xc000001d चं एक साधं कारण मात्र आधी बाजूला काढ. आपल्याकडे ऑफिसातून निघालेली जुनी मशीन बरेच जण घेतात. नवीन काही गेमना `AVX2` नावाचा सूचनांचा संच लागतो. i5-3470 मध्ये `AVX` आहे, `AVX2` नाही. G4560 सारख्या पेंटियममध्ये दोन्ही नाहीत. अशा मशीनवर तो गेम सुरू होताक्षणीच किंवा दर वेळी एकाच जागी 0xc000001d देतो, आणि बाकीचं सगळं ठणठणीत चालतं. त्यावर इलाज नाही, प्रोसेसरच बदलावा लागतो. तुझा गेम पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि कधी दुसरा कोडही देतो, म्हणून हे कारण तुला फारसं बसत नाही.

आता तुझ्या मशीनची तपासणी. आधी बायोसमध्ये जाऊन रॅमचा `XMP` बंद कर, प्रोसेसर किंवा कार्डाचा वेग वाढवला असेल तर तोही मूळ जागी आण. `XMP` म्हणजे रॅमला तिच्या मूळ वेगाच्या वर पळवणं. दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकट्या चांगल्या असूनही त्या वेगाला एकत्र टिकत नाहीत, हे मी वरचेवर पाहतो. नुसत्या एवढ्यानं गेम दोन-तीन दिवस नीट चालला तर बिघाड सापडला आणि खर्च शून्य. वेग थोडा कमी ठेवून चालव.

तरीही पडला तर मेमटेस्ट८६ रात्रभर लाव. फुकटची आवृत्ती चार फेऱ्या करते. चूक एक आली काय आणि हजार आल्या काय, निकाल एकच. रॅममध्ये 'थोडीशी चूक' चालत नाही. विंडोजमधल्या रॅम तपासणाऱ्या `mdsched.exe` वर भरवसा ठेवू नको, औशाच्या मशीनला त्यानं पास केलं होतं. चूक सापडली की एकेक स्टिक, एकाच खाचेत लावून तपास. मग जी खराब वाटते ती दुसऱ्या खाचेत. दुसऱ्या खाचेतही चुका आल्या तर स्टिक गेली. दोन्ही स्टिक एकाच खाचेत चुकत असतील आणि दुसऱ्या खाचेत नाही, तर मदरबोर्ड. माझ्याकडच्या मशीनची नंतर टाकलेली स्टिक दोन्ही खाचांत चुकली, मूळची रात्रभर स्वच्छ. स्टिक बदलायच्या आधी तिचं बिल शोध. रॅमची वॉरंटी बऱ्याचदा मशीनपेक्षा लांब असते.

मेमटेस्ट स्वच्छ निघालं तर रॅम सुटली असं लगेच म्हणू नको. ती तपासणी पहाटे तीनला झाली आणि गेम तू दुपारी दोनला खेळतोस. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. कॅबिनेटच्या आत रॅमला आणि प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याला त्याचा ताप होतो. म्हणून दुसरी फेरी भर दुपारी, ज्या खोलीत गेम खेळतोस त्याच खोलीत कर.

त्यानंतर प्राइम९५. त्यात `Small FFTs` निवडलं की भार मुख्यतः प्रोसेसरवर येतो, `Large FFTs` निवडलं की रॅम आणि तिला चालवणारा प्रोसेसरमधला भागही ओढला जातो. तो मोठी गणितं करतो आणि उत्तर चुकलं की थांबून सांगतो:

```
FATAL ERROR: Rounding was 0.5, expected less than 0.4
```

सगळं मूळ वेगावर असताना ही ओळ आली तर गेमला दोष देण्याचं कारण उरत नाही. पहिल्यात आली तर प्रोसेसर, त्याचा कूलर, त्याची वीज. फक्त दुसऱ्यात आली तर पुन्हा रॅमकडे. तापमानावर लक्ष ठेव, ९५ अंशांच्या वर जाऊ लागलं तर थांबव आणि आधी कूलरमधली धूळ काढ.

तुझा प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतला i7 किंवा i9 असेल तर हे सगळं करायच्या आधी मदरबोर्डच्या साइटवरून बायोस नवीन कर. त्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू झिजत असल्याचं इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले. त्यातला `0x12B` त्या वर्षीच्या सप्टेंबरचा. अशा मशीनवर गेम `Out of video memory` असं म्हणत पडायचे, लोक कार्ड बदलायचे, आणि चुकत असायचा प्रोसेसर. झिजलेला प्रोसेसर बायोसनं बरा होत नाही. त्यासाठी इंटेलनं वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली आहे.

बाकीचे कोड तुझ्या कामाचे नाहीत, पण यादीत दिसले तर ओळखू यावेत म्हणून थोडक्यात. 0xc0000006 म्हणजे गेमच्या फाइलचं पान डिस्कवरून आणताना मिळालंच नाही. डिस्क, तिची केबल किंवा बाहेरून लावलेला ड्राइव्ह बघ. 0xc000007b, 0xc0000135 आणि 0xc0000142 गेम सुरू होण्याआधीच येतात. त्यात सोबतच्या फाइली चुकीच्या किंवा गायब असतात, हार्डवेअर उघडायचं काम नसतं. 0xc0000409 चं जुनं नाव स्टॅक बफर ओव्हररन असं भीतिदायक आहे, पण आज बरेच प्रोग्राम काही बिनसलं की मुद्दाम हाच कोड देऊन स्वतःला बंद करतात, त्यामुळे एकट्या त्या कोडवरून काही ठरवता येत नाही.

पेनड्राइव्ह हाताशी नसेल तर आज संध्याकाळी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. गेम स्टीमवरचा असेल तर `Verify integrity of game files` लागोपाठ तीनदा चालव, दर वेळी मधे रीस्टार्ट करून. पहिल्यांदा काही फाइली खराब निघाल्या, दुरुस्त झाल्या आणि पुढच्या दोन्ही वेळा स्वच्छ, तर ठीक. दर वेळी वेगळ्याच फाइली खराब निघत असतील तर फाइली बहुधा चांगल्याच आहेत आणि त्या वाचणारं मशीन चुकतंय.

आणि रॅम बदलावी लागलीच तर विंडोज पुन्हा एकदा टाकायचा कंटाळा करू नको. तू दोनदा टाकलंस ते त्याच बिघडलेल्या रॅममधून डिस्कवर उतरलं. निदान `sfc /scannow` तरी चालव आणि गेमच्या फाइली तपासून घे, नाहीतर नवी रॅम लावूनही एखादी खराब फाइल तोच 0xc0000005 देत राहील आणि तुला वाटेल रॅम बदलून काही झालं नाही. त्या फाइलचा ऑफसेट मग दर वेळी एकच येईल, त्यावरून ओळखशील.

वरच्या आदेशातून निघालेल्या दहाही नोंदी, रॅमच्या दोन्ही स्टिकवरचं लेबल आणि एसएमपीएस किती वॅटचा आहे एवढं पाठव. पुढं काय ते त्यावरून बघू.